आलेखातला तळ आणि करातला फरक: नागपुरातील एका एसी-खरेदीचा अभ्यास

सप्टेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात नागपूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने आणि तिच्या यजमानांनी दीड टनाचा, पंचतारांकित, इन्व्हर्टर जातीचा स्प्लिट एसी घेण्याचे ठरवले. उन्हाळा उलटून गेला होता आणि पुढच्या मार्चपर्यंत त्यांना एसीची गरज पडणार नव्हती, त्यामुळे थांबायला सहा महिने हाताशी होते. कंपनी आणि मॉडेल त्यांनी दुकानात जाऊन, आवाज ऐकून आणि जवळच्या सेवाकेंद्राची चौकशी करून आधीच पक्के केले होते. किमतीच्या आलेखावरून वेळ साधायची असेल तर हे आधी व्हावे लागते, कारण आलेख एका नेमक्या मॉडेलचा असतो आणि मॉडेलबद्दल मन डळमळत असेल तर प्रत्येक आलेखातली घसरण खुणावू लागते.

अमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावर त्या मॉडेलची किंमत 45,990 रुपये होती. शेजारी 75,990 रुपये ही छापील कमाल किंमत खोडलेली होती आणि 39 टक्के सूट असे लिहिले होते. ती 39 टक्के सूट आम्ही पहिल्याच बैठकीत हिशेबातून काढून टाकली. छापील कमाल किंमत ही कंपनीने स्वतः ठरवलेली आणि कायद्याने ओलांडता न येणारी वरची मर्यादा असते, आणि त्या किमतीला तो एसी कधी विकला गेला होता असा तिचा अर्थ होत नाही. विक्रीची किंमत प्रत्यक्षात कुठे रेंगाळत होती आणि कुठपर्यंत खाली गेली होती, हे फक्त आलेखावरून कळते.

आलेख कसा वाचला

साधन म्हणून आम्ही मुख्यतः अमेझॉनवरच्या किमतींचा इतिहास नोंदवणारे कीपा वापरले. ब्राउझरमध्ये त्याचा विस्तार, म्हणजे एक्स्टेंशन, बसवला की अमेझॉनच्या वस्तूच्या पानावरच आलेख दिसतो. फ्लिपकार्टचा इतिहास कीपामध्ये मिळत नाही, म्हणून तिथल्या किमतीसाठी बायहटके हे भारतीय साधन जोडीला ठेवले. दोन्ही साधने ठरावीक अंतराने पानावरची किंमत टिपतात आणि दोन नोंदींच्या मध्ये आडवी रेघ ओढतात. त्यामुळे आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, आणि दोन नोंदींच्या मधल्या वेळेत किंमत उतरून परत चढली असेल तर ते त्यात येत नाही.

कीपाच्या आलेखात एकाच वेळी अनेक रेषा असतात आणि कोणती रेषा पाहायची, यावरच सगळे अवलंबून असते. अमेरिकेत `Amazon` नावाची रेषा महत्त्वाची असते, कारण तिथे कंपनी स्वतः माल विकते. भारतात परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःच्या मालकीचा साठा विकता येत नाही. पानावरचा प्रत्येक एसी कोणत्या ना कोणत्या विक्रेत्याचा असतो, म्हणून ही रेषा इथे आपल्या उपयोगाची नाही. आपल्या कामाच्या रेषा दोन आहेत. `New` ही रेषा त्या पानावर माल ठेवलेल्या सर्व विक्रेत्यांपैकी सर्वांत कमी मागणाऱ्याची किंमत दाखवते. `Buy Box` ही रेषा मुख्य खरेदीच्या बटणामागे त्या क्षणी जो विक्रेता आहे, त्याची किंमत दाखवते. आपण बटण दाबतो तेव्हा आपल्याला लागते ती ही दुसरी किंमत. कित्येकदा ही रेषा सुरुवातीला दिसत नाही आणि आलेखाशेजारच्या नावांच्या यादीतून ती चालू करावी लागते.

आम्ही वर्षभराचा आलेख उघडला तेव्हा पहिली नजर गेली ती जून महिन्यातल्या एका खोल खड्ड्याकडे. तिथे किंमत 34,990 पर्यंत गेली होती. भावजींनी लगेच विचारले, "जूनमध्ये पस्तीस हजारांच्या आत मिळत होता, तर आता पंचेचाळीस का द्यायचे?" प्रश्न रास्त होता. उत्तर रेषांमध्येच होते. तो खड्डा फक्त `New` रेषेला होता. त्याच वेळी `Buy Box` रेषा 44,990 वर सरळ चालली होती, आणि खड्ड्याची रुंदी काही तासांचीच होती. विक्रेत्यांची संख्या दाखवणारी खालची रेषाही तेवढ्याच वेळापुरती एकाने वाढून पुन्हा कमी झाली होती. याचा अर्थ असा, की कोणीतरी नवा विक्रेता त्या पानावर आला, त्याने फारच कमी किंमत लावली, मुख्य बटण त्याला मिळाले नाही आणि थोड्याच वेळात तो निघून गेला. ती चुकीने भरलेली किंमत असेल किंवा फसवी विक्री-नोंद असेल. काहीही असले तरी त्या किमतीला माल मिळाला असता असे मानायला आधार नाही. साधनांमध्ये 'आजवरची सर्वांत कमी किंमत' म्हणून जो आकडा ठळकपणे दाखवला जातो, तो पुष्कळदा अशाच खड्ड्यातून आलेला असतो. त्याला लक्ष्य मानणारा माणूस कधीही न येणाऱ्या किमतीची वाट पाहत राहतो.

तो खड्डा बाजूला ठेवल्यावर `Buy Box` रेषेने वर्षाची गोष्ट नीट सांगितली. वर्षातला बराच काळ किंमत 44,990 च्या आसपास होती. या पातळीला मी बैठकीची किंमत म्हणेन, कारण कोणतीही विक्रीमोहीम नसताना किंमत तिथेच येऊन बसत होती. एप्रिलमध्ये ती 47,490 पर्यंत चढली होती. 2025 मध्ये पाऊस लवकर आला आणि मे महिन्याच्या शेवटीच मुंबईपर्यंत पोहोचला. त्याच सुमारास रेषा पुन्हा 44,990 वर उतरली होती. खऱ्या अर्थाने खालच्या पातळ्या दोनच होत्या. जानेवारीच्या मध्याला, प्रजासत्ताक दिनाच्या विक्रीत, किंमत पाच दिवस 40,990 वर होती, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्वातंत्र्यदिनाच्या विक्रीत, तीन दिवस 41,490 वर होती. दोन्ही वेळा `Buy Box` आणि `New` या रेषा एकत्रच उतरल्या होत्या, म्हणजे त्या दिवशी बटण दाबणाऱ्या कोणालाही ती किंमत मिळाली असती.

आणखी एक गोष्ट त्या रेषेत दिसत होती. ऑगस्टच्या विक्रीच्या आधीच्या आठवड्यात किंमत 44,990 वरून 46,990 वर गेली होती आणि विक्रीच्या दिवशी ती एकदम 41,490 झाली. पानावर आदल्या दिवसाशी तुलना करणाऱ्याला ही साडेपाच हजारांची घसरण वाटली असती. बैठकीच्या किमतीपासून मोजली तर ती साडेतीन हजारांची होती. युरोपीय संघात मे 2022 पासून सूट जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते, त्यामुळे ही युक्ती तिथल्या दुकानदाराला फारशी उपयोगी पडत नाही. आपल्याकडे ते काम ग्राहकालाच आलेख उघडून करावे लागते.

22 सप्टेंबरची पायरी

इथपर्यंतचे वाचन कोणत्याही वस्तूला लागू पडले असते. या प्रकरणाचे वेगळेपण पुढे आहे. 3 सप्टेंबर 2025 रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने दरांची फेररचना जाहीर केली आणि एसीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. नवा दर 22 सप्टेंबरपासून लागू होणार होता, आणि दोन्ही मोठ्या संकेतस्थळांच्या दिवाळीपूर्व विक्रीमोहिमा त्याच्या अगदी पाठोपाठ सुरू होणार होत्या. 22 तारखेच्या आधी घेण्यात काहीच अर्थ नव्हता, हे सर्वांनाच दिसत होते. मात्र त्या तारखेनंतर जुना आलेख वाचायचा कसा, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले असावे.

आलेखात साठवलेली प्रत्येक किंमत करासह असते. जानेवारीतल्या 40,990 रुपयांत 28 टक्के कर होता. विक्रेत्याच्या हाती त्यातले सुमारे 32,023 रुपये राहत होते आणि बाकीचे सरकारजमा होत होते. विक्रेत्याने तेवढीच रक्कम स्वतःकडे ठेवून नव्या दराने कर लावला, तर ग्राहकाला पडणारी किंमत आपोआप कमी व्हायला हवी. म्हणून 22 सप्टेंबरच्या आधीची कोणतीही किंमत नंतरच्या किमतीशी ताडून पाहण्याआधी ती अशी बदलून घ्यावी लागते:

```
तुलनेची किंमत = जुनी किंमत ÷ 1.28 × 1.18
```

म्हणजे जुन्या किमतीतून साधारण 7.8 टक्के वजा होतात. कर दहा टक्क्यांनी कमी झाला म्हणून किंमतही दहा टक्क्यांनी कमी व्हायला हवी, असे पुष्कळांना वाटले. ते बरोबर नाही, कारण कर मूळ किमतीवर मोजला जातो आणि आपण पाहतो ती कर धरलेली किंमत असते.

या सूत्राने आम्ही आलेखातल्या मोजक्या पातळ्या बदलून एका कागदावर लिहिल्या. बैठकीची किंमत 44,990 ची 41,480 झाली. जानेवारीचा तळ 40,990 चा 37,790 झाला. ऑगस्टचा तळ 41,490 चा 38,250 झाला. साधने हा बदल करत नाहीत आणि ती करणारही नाहीत, कारण त्यांचे काम पानावर दिसलेला आकडा नोंदवण्याचे आहे. त्यामुळे 22 सप्टेंबरला आलेखात एक पायरी पडते, आणि त्या पायरीच्या दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

विक्रीच्या पहिल्या दिवशी या एसीची किंमत 40,490 झाली. छापील कमाल किंमतही नव्या कराप्रमाणे 70,050 झाली होती आणि शेजारी 42 टक्के सूट दिसत होती. `Buy Box` रेषेवर वर्षभरातला हा सर्वांत खालचा बिंदू होता, जानेवारीच्या 40,990 पेक्षाही पाचशे रुपयांनी खाली. बहिणीचा फोन आला आणि तिने विचारले, "दादा, आलेख तर म्हणतोय इतका स्वस्त कधीच नव्हता. घेऊन टाकू का?"

कागदावरचा हिशेब वेगळे सांगत होता. 40,490 ही किंमत जुन्या करात मांडली तर सुमारे 43,920 येते. जुन्या 44,990 या बैठकीच्या किमतीपेक्षा ती जेमतेम हजार रुपयांनी कमी होती, आणि जानेवारी किंवा ऑगस्टच्या तळाच्या आसपासही नव्हती. दुसऱ्या शब्दांत, त्या दिवशी मिळालेल्या साडेचार हजारांच्या घसरणीपैकी साडेतीन हजार करकपातीचे होते आणि विक्रीमोहिमेने दिलेले हजारच होते. करकपातीचा भाग पुढेही तसाच राहणार होता, तो मिळवण्यासाठी त्याच दिवशी बटण दाबण्याची गरज नव्हती. म्हणून मी थांबायला सांगितले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा निर्णय हाच वाटतो, आणि तो आलेखाकडे पाहून नव्हे तर आलेख दुरुस्त करून घेता आला.

सूचना कितीवर लावायची

किंमत उतरली की कळवणारी सूचना कीपामध्ये लावता येते. हवी ती किंमत भरायची, कोणत्या रेषेवर लक्ष ठेवायचे ते निवडायचे आणि इमेल, टेलिग्राम किंवा ब्राउझर यांपैकी कुठे कळवायचे ते सांगायचे. यांत्रिक भाग दोन मिनिटांचा आहे. विचार करायचा असतो तो आकड्याचा.

सूचना आजच्या किमतीच्या थोडीच खाली लावली, तर ती दर आठवड्याला वाजते आणि माणूस तिच्याकडे लक्ष देणे सोडतो. सर्वांत खालच्या तळावर लावली, तर ती कदाचित कधीच वाजत नाही, कारण तो तळ पुन्हा येईलच असे नाही. किंमत ज्या पातळीपर्यंत वर्षात एकापेक्षा अधिक वेळा आणि निदान एक पूर्ण दिवस पोहोचली आहे, अशी पातळी निवडावी असे माझे मत आहे. या आलेखात जानेवारी आणि ऑगस्ट या दोन्ही वेळा किंमत ऑगस्टच्या पातळीला किंवा तिच्या खाली होती. म्हणून दुरुस्त केलेला ऑगस्टचा तळ, म्हणजे 38,250, हा आकडा आम्ही घेतला आणि तो `Buy Box` रेषेवर लावला. `New` रेषेवर लावला असता तर जूनसारखा प्रत्येक फसवा खड्डा आम्हाला रात्री उठवत राहिला असता.

याच्या जोडीला थांबण्याची मुदतही ठरवली. फेब्रुवारीच्या शेवटपर्यंत सूचना आली नाही तर त्या वेळी जी किंमत असेल तिला घ्यायचा, कारण नागपूरचा मार्च एसीशिवाय काढणे घरातल्या वडीलधाऱ्यांना जड गेले असते आणि मार्चपासून रेषा वर चढते हे आलेखातच दिसत होते.

ऑक्टोबर शांत गेला. दिवाळीत किंमत 39,990 पर्यंत आली आणि पुन्हा 41,490 वर, म्हणजे दुरुस्त केलेल्या बैठकीच्या किमतीवर, जाऊन बसली. आमचा हिशेब बरोबर होता याची ती मला वाटते पहिली खूण होती.

नोव्हेंबरच्या मध्याला सूचना आली. किंमत 36,990 दाखवत होती, `Buy Box` रेषाही तिथेच होती. बहिणीने पान उघडले तर तिला 41,490 दिसत होते. साधन चुकले होते का? चुकले नव्हते. एसीसारखी जड वस्तू जवळच्या गोदामातून पाठवली जाते, आणि प्रत्येक विक्रेता प्रत्येक पिनकोडला ती पोहोचवत नाही. स्वस्त देणारा विक्रेता नागपूरला माल पाठवत नव्हता, म्हणून नागपूरचा पिनकोड टाकला की बटणामागचा विक्रेता बदलत होता. साधनाला आपला पिनकोड माहीत नसतो. त्याने जिथून पान पाहिले तिथली किंमत ते टिपते. मोबाइल किंवा पुस्तकाच्या बाबतीत हा फरक क्वचित जाणवतो, पण फ्रीज, एसी, धुलाईयंत्र यांच्या बाबतीत तो हमखास विचारात घ्यावा लागतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: सूचना आली की पानावर आपला पिनकोड भरून, त्या क्षणी विक्रेत्याचे नाव कोणते दिसते आणि आलेखातली किंमत तीच आहे का, हे पाहायचे. आम्ही नंतर पुण्याच्या एका नातेवाइकाचा पिनकोड टाकून पाहिला तेव्हा 36,990 तिथे खरोखर दिसत होते. पुण्याहून नागपूरला एसी आणण्याचा विचार भावजींनी एकदा बोलून दाखवला, पण वाहतुकीचा खर्च आणि वाटेत गॅसच्या नळ्यांना धक्का लागण्याची जोखीम लक्षात घेता तो तिथेच सोडला.

डिसेंबर

1 जानेवारी 2026 पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा एसीसाठीचा तारांकनाचा नवा तक्ता लागू होणार होता. त्यात निकष कडक झाल्यामुळे तोवरचे पंचतारांकित एसी साधारण एका ताऱ्याने खाली येणार होते. जुने लेबल असलेला साठा नव्या वर्षात तुलनेने मागे पडणार हे विक्रेत्यांना ठाऊक होते, त्यामुळे तो डिसेंबरात काढून टाकण्याची घाई असणार असा आमचा अंदाज होता. ही गोष्ट कोणत्याही आलेखात दिसत नाही, कारण ती आदल्या वर्षी घडलेली नव्हती. ऋतूनुसार होणारी चढउतार आलेख शिकवतो. नियम बदलण्याच्या तारखा मात्र आपण स्वतः माहीत करून घ्यायच्या असतात.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, कोणतीही विक्रीमोहीम नसताना, एका कामाच्या दिवशी सकाळी दुसरी सूचना आली. किंमत 37,990 होती. या वेळी नागपूरच्या पिनकोडवरही तीच दिसत होती, विक्रेता तोच होता ज्याच्याकडे वर्षातला बहुतेक काळ मुख्य बटण होते, आणि जीएसटीचे बिल तसेच कंपनीची हमी पानावर स्पष्ट लिहिलेली होती. जुन्या करात मांडली तर ही किंमत सुमारे 41,210 येते, म्हणजे जानेवारी आणि ऑगस्टच्या दोन तळांच्या साधारण मध्यावर. फ्लिपकार्टवर त्याच मॉडेलची किंमत त्या दिवशी 39,490 होती.

बटण दाबण्याआधी प्रत्यक्ष द्यावी लागणारी अंतिम रक्कम काढली, कारण आलेखात फक्त पानावरची किंमत असते. कार्डावरची सूट, कूपन, जुन्या वस्तूच्या बदल्यातली रक्कम आणि बसवण्याचा खर्च यांपैकी काहीही त्या रेषेत नसते. त्यांच्या बँकेच्या कार्डावर दहा टक्के, कमाल 1,500 रुपये सूट होती, आणि बसवण्याचे 1,590 रुपये वेगळे लागणार होते. म्हणजे एसी भिंतीवर लागेपर्यंत 38,080 रुपये. विनाव्याज हप्त्यांचा पर्यायही पानावर होता. त्यात व्याजाइतकी सूट दिली जाते, पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडेच राहते, म्हणून तो घेतला नाही.

सप्टेंबरच्या विक्रीत घेतला असता तर त्याच कार्डाने आणि त्याच बसवणीने 40,580 रुपये पडले असते. वाट पाहिल्याचा फायदा 2,500 रुपयांचा. पण हा आकडा एकटा सांगणे प्रामाणिक होणार नाही. भावजी डिसेंबरातली सूचना आली त्याच दिवशी संध्याकाळी सीताबर्डीतल्या ओळखीच्या दुकानात गेले होते, आणि दुकानदाराने 39,000 रुपयांत, तांब्याच्या नळीसह आणि बसवून देतो असे सांगितले होते. त्याने विचारलेसुद्धा, "साहेब, नऊशे रुपयांसाठी ऑनलाइन कशाला जाता? काही झालं तर मी इथंच आहे." ते खोटे नव्हते. बसवणीच्या पॅकेजमध्ये साधारण तीन मीटर नळी धरलेली असते आणि पुढच्या प्रत्येक मीटरला जादा पैसे पडतात. आतल्या आणि बाहेरच्या यंत्रामधले अंतर जास्त असलेल्या घरात हे नऊशे रुपये सहज संपले असते. बहिणीच्या घरात बाहेरचे यंत्र भिंतीच्या लगेच पलीकडे बसणार होते, हे आधी मोजलेले होते, म्हणून ऑनलाइन खरेदी केली. अंतर पाच मीटर असते तर मी दुकानातूनच घ्या म्हटले असते.

नंतर आलेखात काय झाले

एसी बसल्यावर सूचना काढून टाकली, पण रेषा मी पाहत राहिलो. जानेवारीच्या प्रजासत्ताक दिनाच्या विक्रीत किंमत दोन दिवस 37,490 झाली होती, आम्ही दिल्यापेक्षा पाचशेने कमी. त्यानंतर `Buy Box` रेषा तुटली, म्हणजे मुख्य बटणामागे कोणी विक्रेताच उरला नाही, आणि फेब्रुवारीत ते पान 'सध्या उपलब्ध नाही' असे दाखवू लागले. साठा संपत आलेल्या मॉडेलच्या आलेखात शेवटचे टोक असेच दिसते: किंमत खाली, विक्रेत्यांची संख्या एकेकाने कमी, आणि मग रिकामी जागा. मॉडेल बंद होण्याच्या मार्गावर असताना आणखी पाचशे रुपयांसाठी थांबणाऱ्याच्या हाती ही रिकामी जागा येण्याची शक्यता बरीच मोठी असते.

त्याच कंपनीचे नवे मॉडेल, शेवटचे एक अक्षर बदललेले आणि नव्या तक्त्याप्रमाणे पाच तारे असलेले, जानेवारीत 43,990 रुपयांना आले. त्याला नवे पान मिळाले आणि नव्या पानाला इतिहास नव्हता. बहिणीच्या शेजारच्या काकूंना मार्चमध्ये तोच एसी घ्यायचा होता. त्यांच्यासमोरचा आलेख दोन महिन्यांचा होता आणि त्यात 43,990 ची एक सपाट रेघ होती. अशा वेळी मी काकूंना तीन गोष्टी करायला सांगितल्या. आधीच्या मॉडेलच्या पानाचा दुवा कीपाच्या शोधपेटीत टाकला की, पान बंद असले तरी, त्याचा जुना आलेख दिसतो. त्यावरून ही कंपनी या वर्गातल्या एसीची किंमत विक्रीत बैठकीच्या किमतीपेक्षा किती टक्क्यांनी उतरवते, ते काढायचे. या मॉडेलच्या बाबतीत ते प्रमाण आठ ते नऊ टक्के होते. मग नव्या मॉडेलची बैठकीची किंमत 43,990 धरून त्यातून आठ टक्के वजा केले की साधारण 40,470 हा आकडा येतो, आणि सूचना त्यावर लावायची.

तिसरी गोष्ट लेबलाची. दोन्ही मॉडेलच्या लेबलांवर वर्षाला 1,600 तास चालवल्यास किती युनिटे लागतील हे छापलेले असते. त्या दोन आकड्यांत सुमारे 80 युनिटांचा फरक होता. दहा रुपये युनिट धरले तर वर्षाला आठशे रुपये. जुने मॉडेल कुठल्या दुकानात सहा हजारांनी स्वस्त उरलेले मिळाले, तर तो फरक भरून निघायला साडेसात वर्षे लागतात. एसी रोज रात्रभर चालणाऱ्या घरात तास जास्त, म्हणून वर्षे कमी. काकूंच्या घरी एसी मे महिन्यातल्या दुपारीच लागतो. त्यांनी नव्या मॉडेलवर 40,470 ची सूचना लावली आहे आणि सोबतच धरमपेठेतल्या दोन दुकानांत जुन्या लेबलाचा एखादा एसी शिल्लक आहे का, याची चौकशी चालू ठेवली आहे.